कचरापेटीची साक्ष

समजा तुमच्या हाती एक छायाचित्र आले आहे. त्यावर ना तारीख, ना गावाचे नाव. रस्त्याची कडा दिसते. एका लोखंडी सांगाड्यात दोन प्लॅस्टिकच्या कचरापेट्या टांगलेल्या आहेत, एक हिरवी आणि एक निळी. मागे पिवळ्या डोक्याचा मैलाचा दगड आहे. पुढे जमिनीवर फळांच्या रसाचे एक रिकामे खोके, वर्तमानपत्राचा तेलकट तुकडा, दोन-तीन शहाळी आणि आंब्याच्या काही कोयी पडल्या आहेत. जमीन कोरडी आहे. आता प्रश्न असा, की हे छायाचित्र कोठले आणि केव्हाचे?

छायाचित्र पाहताना आपली नजर बहुधा माणसांकडे आणि इमारतींकडे जाते. कचऱ्याकडे कोणी पाहत नाही. पण पेटी आणि कचरा हे दोघे मिळून फार चांगली साक्ष देतात. कारण त्यांचे स्वभाव एकमेकांच्या अगदी उलट आहेत. पेटी एकदा बसवली की वर्षानुवर्षे तेथेच राहते. म्हणून ती 'कोठे' याविषयी बरेच सांगते, 'केव्हा' याविषयी थोडेच. कचऱ्याचे उलटे आहे. रसाचे खोके कोठल्या तरी दूरच्या कारखान्यात तयार होते आणि कोणाच्या तरी हातातून एस.टी.ने प्रवास करत येते. त्यावरून गाव कळणार नाही. पण रस्त्यावर ते थोडेच दिवस टिकते, म्हणून काळाविषयी ते बरेच सांगू शकते. कोणत्या साक्षीदाराला कोणता प्रश्न विचारायचा हे एवढे लक्षात ठेवले, की निम्मे काम झाले.

आपण आपले छायाचित्र रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्यातले, डोलवी गावच्या परिसरातले आहे असे मानू. धरमतरच्या खाडीजवळचे हे गाव पोलाद कारखान्यामुळे सर्वांना माहीत आहे. जवळच वडखळ आहे आणि तेथून मुंबई-गोवा महामार्ग जातो. मात्र हे उत्तर आपण तूर्त बाजूला ठेवू आणि केवळ पुराव्यांवरून तेथपर्यंत पोचता येते का ते पाहू.

पेटीचा रंग

पेटीचा रंग कोणाच्या आवडीने ठरत नाही, तो बहुधा नियमाने ठरतो. आणि नियमाला वर्ष असते व हद्दही असते. हाच आपला पहिला धागा.

भारतात २००० साली नागरी घनकचऱ्याविषयी नियम झाले. त्यांत म्हटले होते, की कुजणाऱ्या कचऱ्याची पेटी हिरवी, पुन्हा वापरात आणता येईल अशा कचऱ्याची पांढरी आणि बाकीच्या कचऱ्याची काळी असावी. यात निळा रंग कोठेच नाही! २०१६ साली नवे नियम आले, तेव्हाही साठवण केंद्रांवरील पेट्यांसाठी हिरवा, पांढरा आणि काळा हेच तीन रंग सांगितले होते. मग निळी पेटी आली कोठून? ५ जून २०१७ या जागतिक पर्यावरण दिनापासून देशातील शहरांत ओल्या कचऱ्यासाठी हिरवी आणि सुक्या कचऱ्यासाठी निळी अशा दोन पेट्यांची मोहीम सुरू झाली. तेव्हापासून ही जोडी शहरांतून तालुक्यांच्या गावी आणि तेथून ग्रामपंचायतींपर्यंत पसरली.

म्हणजे आपले छायाचित्र बहुधा भारतातले आणि बहुधा २०१७ नंतरचे. 'बहुधा' हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. २०१७ पूर्वी कोणी निळी पेटी ठेवलीच नसेल असे नाही. शिवाय निळ्या रंगाला सगळीकडे एकच अर्थ नाही. जर्मनीत निळी पेटी रद्दी कागदासाठी असते, ओल्या कचऱ्याची पेटी तपकिरी असते, तर पिवळी पेटी वेष्टनांची. आपल्याकडे मात्र पिवळी पेटी दिसली तर रुग्णालय जवळपास आहे का ते पाहावे. कारण रुग्णालयातील दूषित कचऱ्यासाठी आपल्या नियमांत पिवळा रंग आहे. तेव्हा एका रंगावरून देश ठरवू नये. रंगांची जोडी, म्हणजे कोणता रंग कोणत्या रंगाशेजारी आहे, हे अधिक भरवशाचे असते.

आपल्या पेटीवर आणखी एक खूण आहे. गोल चष्म्याचे चित्र. हे स्वच्छ भारत अभियानाचे बोधचिन्ह. हे अभियान २ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झाले. त्यामुळे चष्म्याचे चित्र असलेली पेटी त्या दिवसापूर्वीची असूच शकत नाही. येथे 'बहुधा' म्हणण्याची गरज नाही. ध्यानात घ्या, रंगाचा पुरावा मऊ होता, चिन्हाचा पुरावा कठीण आहे.

पेटीवरचे शब्द

चष्म्याच्या भिंगांत 'स्वच्छ' आणि 'भारत' हे शब्द देवनागरीत लिहिलेले असतात. त्यावरून काही जण लगेच महाराष्ट्र म्हणून मोकळे होतील. पण हे बोधचिन्ह तमिळनाडूपासून आसामपर्यंत सर्वत्र याच लिपीत दिसते. खरी भाषा पाहायची ती पेटीवर स्थानिक संस्थेने रंगवलेल्या शब्दांत.

आपल्या पेट्यांवर 'ओला' आणि 'सुका' असे लिहिले आहे. हिंदी प्रदेशात याच जागी 'गीला' आणि 'सूखा' असते. लिपी तीच, पण एका शब्दाने प्रांत बदलला! दक्षिणेला गोव्यात गेलात तर कोंकणीत कचऱ्याला 'कोयर' म्हणतात. कर्नाटकात कन्नड लिपीत 'हसी कस' आणि 'ओण कस' असे शब्द वाचायला मिळतील. म्हणजे आपली पेटी मराठी मुलखातली. पेटीच्या खालच्या कडेला 'ग्रामपंचायत' हा शब्दही आहे, म्हणजे नगरपालिकेची हद्द वगळली. पेण शहर गेले, आजूबाजूची गावे उरली. नावाचा पुढचा भाग सांगाड्याच्या सळीआड लपला आहे, 'डो' एवढेच अक्षर दिसते.

नदीकाठच्या किंवा तळ्याकाठच्या छायाचित्रात कधी 'निर्माल्य कलश' लिहिलेले मोठे पिंप दिसते. गणपतीच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध असलेल्या पेणच्या भागात तर ते ओळखीचेच. असा कलश प्रदेशही सांगतो आणि विसर्जनाचा मोसमही सुचवतो. आपल्या चित्रात तो नाही, म्हणून आपण पुढे जाऊ.

त्रिकोणाचा खरा अर्थ

पेटीच्या अंगावर आणि पिशव्या-बाटल्यांवर बाणांचा एक त्रिकोण असतो. एकमेकांमागे धावणारे तीन बाण असलेले मूळ चिन्ह १९७० साली गॅरी अँडरसन या अमेरिकन विद्यार्थ्याने एका स्पर्धेसाठी काढले. भूमितीत ज्याला मोबियसची पट्टी म्हणतात, त्या पीळ दिलेल्या पट्टीवर ते बेतलेले आहे. पुढे १९८८ साली अमेरिकेतील प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेने बाणांच्या त्रिकोणात १ ते ७ हे आकडे घालून प्लॅस्टिकच्या जाती दाखवायला सुरुवात केली. पाण्याच्या बाटलीवर १ असतो, दुधाच्या पिशवीवर ४, जाड डब्यांवर पुष्कळदा २ किंवा ५.

येथे एक गैरसमज नेहमी होतो. पेटीच्या प्लॅस्टिकवर २ चा त्रिकोण उमटलेला असला, तर 'या पेटीत पुनर्वापराचा कचरा टाका' असा त्याचा अर्थ नाही. ती पेटी स्वतः कोणत्या प्लॅस्टिकची आहे एवढेच तो आकडा सांगतो. हा त्रिकोण जगभर आहे, म्हणून गाव शोधायला तो निरुपयोगी. त्याचा उपयोग एकच: आकडा असलेला त्रिकोण दिसला, की छायाचित्र १९८८ च्या आधीचे नाही. आपल्याला तर त्याहून फार जवळची मर्यादा आधीच मिळाली आहे.

कचरा काळ सांगतो

आता जमिनीकडे पाहू. जुन्या वास्तू खणणारे संशोधक एक नियम पाळतात: एखाद्या थरात जी सर्वांत नवी वस्तू सापडेल, तिच्याहून तो थर जुना असू शकत नाही. छायाचित्रालाही हाच नियम लागतो. जुनी वस्तू काहीच सिद्ध करत नाही, कारण जुन्या वस्तू मागे रेंगाळतात. नवी वस्तू मात्र काळाचे दार एका बाजूने बंद करते.

महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना निघाली आणि त्याच वर्षी २३ जूनपासून ती कडकपणे लागू झाली. मग छायाचित्रात पातळ पिशवी दिसली तर ते २०१८ पूर्वीचे, असे म्हणावे का? मुळीच नाही. बंदीनंतरही पिशव्या दिसत राहिल्या, हे तुम्ही जाणताच. पिशवी असणे हा कच्चा पुरावा आहे.

आता रसाच्या खोक्याची नळी पाहा. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या काही प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. त्यांत पेय पिण्याच्या नळ्याही होत्या. त्या सुमारास छोट्या खोक्यांना चिकटवलेल्या प्लॅस्टिकच्या नळीऐवजी कागदी नळ्या दिसू लागल्या. आपल्या चित्रातील नळीचे टोक भिजून चेपलेले आहे आणि कागदाचा पदर सुटून वळला आहे. प्लॅस्टिकची नळी अशी कधी सुटत नाही. म्हणजे छायाचित्र बहुधा २०२२ च्या मध्यानंतरचे. नळी प्लॅस्टिकची असती, तर मात्र आपण काहीच म्हणू शकलो नसतो.

आता मोसम. कोकणात पावसाळा साधारणपणे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात स्थिरावतो आणि पहिल्याच मोठ्या सरीत रस्त्याकडेचा हलका कचरा गटारात व तेथून खाडीकडे वाहून जातो. आपल्या चित्रात जमीन कोरडी आणि कागद न भिजलेला आहे. तेलकट तुकड्यावर, ज्यात बहुधा वडापाव बांधला होता, 'दहावीचा निकाल' एवढे मोठे मथळ्याचे शब्द वाचता येतात. हा निकाल २०२४ मध्ये २७ मे रोजी लागला, २०२५ मध्ये १३ मे रोजी. मग छायाचित्र मे महिन्याच्या अखेरचे असे म्हणून टाकावे का?

थांबा. वडापाव ताज्या वर्तमानपत्रात कोणी बांधत नाही, रद्दीत बांधतात. रद्दी चार दिवसांची असेल किंवा चार महिन्यांची. तेव्हा मथळ्यावरून 'त्यापूर्वीचे नाही' एवढेच निघते. छायाचित्र जूनच्या आरंभीचे असेल किंवा पाऊस संपल्यावर नोव्हेंबरातलेही असेल. दोन्ही वेळी जमीन कोरडीच असते. येथे आपल्या मदतीला येतात त्या आंब्याच्या कोयी. त्यांवर अजून पिवळा गर आहे. हापूस-पायरीचा मोसम पावसाबरोबर संपतो, आणि उन्हात पडलेली कोय दोन-तीन दिवसांत सुकून तपकिरी होते. नोव्हेंबरात ओली कोय रस्त्यावर कोठून येणार? म्हणून पाऊस लागण्यापूर्वीचे दिवस, बहुधा मेचा उत्तरार्ध किंवा जूनचा पहिला आठवडा.

किती बारीक दिसू शकते?

मघापासून आपण अक्षरे आणि नळ्या पाहत आहोत, पण छायाचित्रात एवढे बारीक दिसते तरी का? याचे गणित आठवीच्या विद्यार्थ्यालाही करता येईल.

मोबाइलच्या साध्या कॅमेऱ्याला समोरच्या दृश्याची जी रुंदी दिसते, ती अंतराच्या सुमारे सव्वापट असते. पेटी ५ मीटरवर असेल, तर तेथे दृश्याची रुंदी झाली सुमारे ६.२५ मीटर, म्हणजे ६२५० मिलिमीटर. छायाचित्राच्या रुंदीत ४००० पिक्सेल असतील, तर एका पिक्सेलच्या वाट्याला ६२५० भागिले ४०००, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर जागा येते. देवनागरी अक्षर काना-मात्रांसह नीट वाचायला ते १५ ते २० पिक्सेल उंच हवे. पेटीवरचे 'ओला' हे अक्षर ६ सेंटिमीटर उंच असेल, तर त्याला जवळजवळ ३८ पिक्सेल मिळतात. ते सहज वाचता येईल. पण पेटीवर उमटलेला १२ मिलिमीटरचा त्रिकोण ७-८ पिक्सेलांत मावतो. तेथे काही तरी टोकदार आकार आहे एवढे कळेल, आतला आकडा कळणार नाही. कोणी 'मला २ दिसतो' म्हणाला, तर तो डोळ्यांनी नव्हे, कल्पनेने पाहत आहे.

जमिनीवरचा कागद दीड मीटरवर आहे. तेथे एका पिक्सेलला अर्ध्या मिलिमीटरहून किंचित कमी जागा मिळते. मथळ्याचे एक सेंटिमीटरचे अक्षर २० पिक्सेलांचे झाले, ते वाचता आले. खालच्या मजकुराचे अडीच मिलिमीटरचे अक्षर ५ पिक्सेलांचे, ते केवळ करड्या रेघा म्हणून दिसेल. मोबाइलवरून पुढे पाठवताना छायाचित्र पुष्कळदा लहान केले जाते. रुंदी १६०० पिक्सेलांवर आली, तर मथळ्याचे अक्षरही ८ पिक्सेलांचे राहील आणि आपली दहावीच्या निकालाची साक्ष बुडेल. म्हणून असा अभ्यास नेहमी मूळ छायाचित्रावर करावा.

रंग फसवतो तेव्हा

आता एक सापळा पाहू. हीच पेट्यांची जोडी रात्री, सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली टिपली आहे असे समजा. छायाचित्रात हिरवी पेटी काळपट हिरवट दिसेल आणि निळी जवळजवळ काळी दिसेल. हिरवी आणि काळी! २००० सालचे नियम आठवा. कोणीही म्हणेल, की ही जुन्या पद्धतीच्या पेट्यांची जोडी आहे, आणि छायाचित्र दहा-पंधरा वर्षे मागे ढकलले जाईल.

असे का होते? निळा रंग म्हणजे पृष्ठभागाने निळा प्रकाश परत पाठवणे आणि बाकीचा गिळणे. सोडियमच्या दिव्याचा प्रकाश मुख्यतः ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास, म्हणजे पिवळ्या भागात एकवटलेला असतो. निळ्या भागात, ४५० ते ४८० नॅनोमीटरच्या दरम्यान, तो फारच तोकडा पडतो. जो प्रकाश पेटीवर आलाच नाही, तो पेटी परत कोठून पाठवणार? मिळालेला पिवळा तिने गिळला, आणि आपल्याला ती काळी दिसली.

फसवणूक ओळखायची कशी? चित्रात असा एखादा पदार्थ शोधा, ज्याचा खरा रंग तुम्हाला ठाऊक आहे. आपल्याकडे मैलाचा दगड आहे. राष्ट्रीय महामार्गावरील दगडाचे डोके पिवळे आणि अंग पांढरे असते. रात्रीच्या छायाचित्रात डोके आणि अंग यांत फरकच उरला नसेल, दोन्ही पिवळसर दिसत असतील, तर निळ्या-काळ्याच्या प्रश्नावर ते छायाचित्र साक्ष देण्यास नालायक ठरवावे. कॅमेरा पांढरा रंग आपोआप सुधारतो हे खरे, पण जो निळा प्रकाश मुळात नव्हता तो त्याला निर्माण करता येत नाही. दिवसाही एक दक्षता घ्या. उन्हाने प्लॅस्टिकचा निळा रंग विटून पांढुरका होतो. अशा वेळी पेटीची सावलीतली बाजू किंवा झाकणाखालची कडा पाहावी, तेथे मूळ रंग टिकलेला असतो.

निकाल

आता सर्व साक्षी एकत्र करू. रंगांची जोडी आणि चष्मा यांनी देश सांगितला आणि २०१४ पूर्वीचा काळ पक्का वगळला. 'ओला-सुका' या शब्दांनी मराठी मुलूख सांगितला. पिवळ्या डोक्याच्या दगडाने राष्ट्रीय महामार्ग सांगितला. शहाळ्यांनी किनारपट्टीकडे बोट दाखवले, पण हलकेच, कारण शहाळी पुण्यातही विकतात. 'ग्रामपंचायत डो' या अक्षरांनी गावांची यादी अगदी आखूड केली, आणि मराठी मुलखातील महामार्गालगतच्या, 'डो'ने सुरू होणाऱ्या ग्रामपंचायती नकाशावर शोधल्या तर डोलवी हाती लागते. कागदी नळीने २०२२ च्या मध्यानंतरचा काळ सांगितला, ओल्या कोयींनी पावसाआधीचे दिवस सांगितले. म्हणजे २०२३ किंवा त्यानंतरचा एखादा उन्हाळा. यापेक्षा नेमके वर्ष या पुराव्यांतून निघत नाही, आणि जे निघत नाही ते ओढून काढू नये.

येथे एक गोष्ट नीट पाहा. यांतला एकही पुरावा एकट्याने डोलवीपर्यंत पोचला नसता. ते एकमेकांपासून स्वतंत्र आहेत, म्हणून त्यांची बेरीज बळकट झाली. पेटीचा रंग आणि पेटीवरचा चष्मा मात्र एकाच मोहिमेतून आलेले आहेत. त्यांना दोन साक्षीदार समजू नका, ते एकाच घरातले दोघे आहेत.

करून पाहा

तुमच्या गावातील एस.टी. थांब्याजवळची कचरापेटी २, ५ आणि १० मीटर अंतरावरून टिपा. प्रत्येक वेळी एका पिक्सेलला किती मिलिमीटर मिळतात ते काढा आणि कोणते अक्षर कोठपर्यंत वाचता येते ते पडताळा. मग पेटीतला आणि तिच्या भोवतालचा कचरा पाहून दोन रकाने करा: 'कोठे' सांगणाऱ्या वस्तू आणि 'केव्हा' सांगणाऱ्या वस्तू. शेवटी तेच छायाचित्र दुसऱ्या गावच्या मित्राला द्या आणि त्याला ठिकाण व मोसम ओळखायला सांगा. तो कोठे चुकला आणि कोणत्या पुराव्याने चुकला, हे शोधताना तुम्हाला तुमच्याच गावाच्या रस्त्याची नवी ओळख होईल.